घटस्फोट झाला, म्हणजे नक्की काय झालं?

परिचय मेळाव्याच्या पुस्तिकेत घटस्फोटितांची पानं शेवटी येतात. आधीच्या पानांवर मुलं-मुली फोटोत हसत असतात, इथे मात्र नुसत्या ओळी. ‘वय ३७, ओलिताची शेती, संत्र्याचा बगीचा, नाममात्र घटस्फोटित, जबाबदारी नाही.’ नोंदणीच्या टेबलावर काही वर्षं बसल्यामुळे या ओळी कशा तयार होतात ते मला माहीत आहे. फॉर्म भरणारा बहुधा स्वतः उमेदवार नसतोच. मोठा भाऊ किंवा मामा भरतो आणि हळूच म्हणतो, “बाई, इतलंच टाका. बाकीचं मंग पाहू.”

नरखेड तालुक्यात हे ‘मंग’ फार लांब नसतं. मोवाडहून वर्धा नदी ओलांडली की वरुड, जिल्हा अमरावती. दुसऱ्या बाजूला पांढुर्णा, तिथे तर राज्यच बदलतं. पण सोयरीक तिन्हीकडे तीच. कुणाचं लग्न कधी मोडलं, मूल कुणाकडे आहे, कोर्टात काय चाललंय, हे जलालखेड्याच्या बसस्टँडवर बसलेल्या मावशीला तुमच्याआधी कळलेलं असतं. त्यामुळे ‘सांगायचं की नाही’ हा प्रश्न इथे उरतच नाही. समोरच्याला ते तुमच्या तोंडून आधी कळतं की मावशीच्या, एवढंच ठरायचं बाकी असतं.

‘डेटिंग’ हा शब्द आपल्याकडे मोबाइलवर वाचायचा. बोलताना म्हणतात, “बोलणं चालू आहे.” हे बोलणं चालू असतानाचे पहिले काही आठवडे महत्त्वाचे, आणि हा लेख मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे. ज्या दोघांची गोष्ट सांगणार आहे ती दोन-तीन घरांतल्या अनुभवांवरून जुळवलेली आहे. ओळख पटू नये म्हणून गावं आणि कामं बदलली आहेत.

ती तेहतीस वर्षांची, तालुक्यातल्या एका खासगी शाळेत शिकवते. सात वर्षांची मुलगी आहे, घटस्फोट संमतीने झालेला. तो सदतीस वर्षांचा, वरुडकडचा, संत्र्याची बाग आणि जोडीला कृषी केंद्र. पुस्तिकेतून नंबर मिळाला, तीन आठवडे फोनवर बोलणं झालं. मग दोघं नागपूरला फुटाळ्यावर भेटले, कारण नरखेडात किंवा वरुडात एका टेबलावर बसले असते तर संध्याकाळपर्यंत साखरपुड्याची तारीख गावाने ठरवून टाकली असती. दोघं वेगवेगळे गेले, वेगवेगळे परतले. हे मला आवडलं. पहिल्या भेटीला परतीची सोय आपली आपण ठेवावी.

मुलीबद्दल तिने पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. त्याने सांगितलं, “माझा डिव्होर्स झालेला आहे, दीड वर्ष झालं.” तिने पुढे विचारलं नाही. भेटीनंतर दोन आठवड्यांनी एका लग्नात तिच्या मावशीला कुणीतरी म्हणालं, “त्याचं तं कोर्टात चालूच आहे अजून.” घरी रडारड झाली, फोन बंद झाला, ‘फसवलं’ हा शब्द आला.

तो खोटं बोलला होता का? नव्हता. त्याला निकाल मिळाला होता, पण एकतर्फी. पहिली बायको तारखांना आलीच नाही, म्हणून कोर्टाने तिच्या गैरहजेरीत निकाल दिला. आठ महिन्यांनी तिने अर्ज केला की मला समन्स मिळालंच नाही, ते जुन्या पत्त्यावर गेलं, सबब निकाल रद्द करा. तो अर्ज चालू होता. त्याच्या लेखी घटस्फोट झाला होता, गावाच्या लेखी चालू होता, आणि कायद्याच्या लेखी दोघंही अर्धे बरोबर होते.

म्हणून पहिली गोष्ट कागदाची. ‘घटस्फोट झाला’ हे वाक्य आपल्याकडे निदान चार वेगवेगळ्या अवस्थांसाठी वापरलं जातं. आपली अवस्था कोणती, हे प्रत्यक्ष भेटीच्या आधी नेमक्या शब्दांत सांगायला हवं.

संमतीच्या घटस्फोटात दोन टप्पे असतात. पहिला अर्ज दाखल झाल्यावर साधारण सहा महिने थांबून दुसरा टप्पा होतो. ही मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, पण ते कोर्टाच्या हातात आहे. दुसरा टप्पा होऊन निकाल लागेपर्यंत नवरा किंवा बायको संमती मागे घेऊ शकते. त्यामुळे पहिल्या अर्जानंतर “झाल्यातच जमा आहे” म्हणणारा माणूस त्या दिवशी विवाहितच असतो. त्याने म्हणावं, “अर्ज दाखल आहे, दुसरी तारीख अमुक महिन्यात आहे.”

लढून मिळालेल्या निकालावर अपील होऊ शकतं. हिंदू विवाह कायद्यात त्यासाठी ९० दिवस दिले आहेत. ती मुदत संपेपर्यंत, किंवा अपील झालं असेल तर ते फेटाळलं जाईपर्यंत, दुसरं लग्न करता येत नाही. एकतर्फी निकालात आणखी एक खोच आहे. न आलेल्या पक्षाला समन्स नीट मिळालंच नसेल, तर निकाल कळल्यापासून ३० दिवसांत तो रद्द करून मागता येतो. म्हणजे निकालाला वर्ष उलटलं तरी धोका संपला असं नसतं. निकाल रद्द झाला तर पहिलं लग्न पुन्हा उभं राहतं आणि दुसरं अडचणीत येतं. म्हणून ज्याचा निकाल एकतर्फी आहे त्याने ‘एकतर्फी’ हा शब्द स्वतःहून उच्चारावा.

चौथी अवस्था आपल्या खेड्यांत अजून पुष्कळ दिसते, ती सोडचिठ्ठीची. स्टॅम्पपेपरवर चार ओळी, दोन्हीकडच्या पंचांच्या सह्या, भांडीकुंडी परत, काडीमोड झाली. हिंदू विवाह कायदा बौद्ध आणि जैनांनाही लागू आहे, आणि त्याने रूढीने होणारा घटस्फोट पूर्ण नाकारलेला नाही. पण आपल्या समाजात अशी रूढी खरोखर आहे, हे जो म्हणतो त्यालाच कोर्टात पुराव्याने सिद्ध करावं लागतं. ते फार थोड्यांना जमतं. आदिवासी समाजांची गोष्ट वेगळी, कारण अनुसूचित जमातींना हा कायदा सहसा लागूच नाही आणि तिथे जमातीची रीत चालते. बाकीच्यांनी नुसत्या सोडचिठ्ठीवर दुसरं लग्न केलं आणि पहिल्या जोडीदाराने तक्रार केली, तर तो द्विविवाहाचा गुन्हा होऊ शकतो. शिक्षा सात वर्षांपर्यंत, आणि पहिलं लग्न लपवून केलं असेल तर दहा. सोडचिठ्ठी झालेल्याला बोलायला बंदी नाही. पण “सोडचिठ्ठी आहे, कोर्टाचा निकाल नाही, आता अर्ज करतो आहे” हे पूर्ण वाक्य बोलावं.

पडताळायचं कसं? निकालाची प्रमाणित प्रत, ज्याला कोर्टात ‘नक्कल’ म्हणतात, ती पाहावी. ती मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. बाग विकत घेताना सातबारा मागतोच ना आपण? शिवाय services.ecourts.gov.in वर पक्षकाराच्या नावाने किंवा प्रकरणाच्या १६ अक्षरी सीएनआर क्रमांकाने शोधलं, तर प्रकरण चालू आहे की निकाली निघालं ते बहुधा कळतं. आदेशाचा मजकूर दिसेलच असं नाही, म्हणून नकलेला पर्याय नाही. सगळ्यात बरं म्हणजे समोरच्याने मागायच्या आधी आपणच म्हणावं, “नक्कल माझ्याकडे आहे, पुढच्या भेटीत दाखवतो.”

पैशाची आणि इतर खटल्यांची गोष्ट याच दमात येते. पोटगी देतो की घेते, एकरकमी झाली की दरमहा चालू आहे, ४९८-अ किंवा घरगुती हिंसाचाराचं प्रकरण उभं आहे का, एवढं दुसऱ्या भेटीपर्यंत यावं. पोटगी घेणाऱ्या बाईने एक लक्षात ठेवावं. पुनर्विवाहानंतर तिची स्वतःची दरमहा पोटगी बंद करून मागता येते, मुलाच्या खर्चाची रक्कम मात्र त्यामुळे थांबत नाही.

आता मुलांकडे येते. लपवालपवी सगळ्यात जास्त इथेच होते, आणि गंमत म्हणजे जे सांगायचं ते लपवतात आणि जे सांगू नये ते भडाभडा सांगतात.

मूल आहे, किती वर्षांचं, कुणाजवळ राहतं, दुसरा पालक त्याला कधी भेटतो, आणि लग्नानंतर ते कुठे राहणार. या पाच गोष्टी पहिल्याच फोनवर सांगून टाकाव्यात. “मुलगी आजीजवळ असते” अशी फिरवाफिरवी नको. तिने सांगितलं होतं ते असं: “माझी सात वर्षांची मुलगी आहे. माझ्याजवळच राहते, पुढेही माझ्याजवळच राहील. तिचे बाबा पुण्याला असतात, रविवारी फोन करतात, सुट्टीत नेतात. हे चालणार नसेल तर आत्ताच सांगा, मला राग येणार नाही.” अर्ध्या मिनिटात सगळं आलं. असं बोलल्यावर काही फोन पुन्हा येत नाहीत. ते न आलेलेच बरे.

मुलीचं नाव, शाळा आणि फोटो मात्र तिने दिला नाही, आणि तेच योग्य होतं. आठ दिवसांच्या ओळखीत जो मुलीचे फोटो मागतो, ‘व्हिडिओ कॉलवर दाखवा ना लेकरू’ म्हणतो, किंवा तुमच्यापेक्षा मुलाचीच जास्त चौकशी करतो, त्याचं बोलणं तिथेच थांबवावं. यात मी भिडस्तपणा करत नाही, तुम्हीही करू नका.

पुरुषांच्या बाजूचा शब्द आहे ‘जबाबदारी नाही’. याचा अर्थ एवढाच की मूल पहिल्या बायकोकडे आहे. पण मूल नजरेआड गेलं म्हणून जबाबदारी जात नाही. त्याचा खर्च बापावर राहतोच. शिवाय ज्या तालुक्यात लग्नं बागेचे एकर मोजून ठरतात, तिथे हे मोकळं बोलायला हवं की पहिल्या लग्नाचा मुलगा किंवा मुलगी हिंदू वारसा कायद्याने बापाचा पहिल्या वर्गाचा वारस आहे. वडिलोपार्जित शेतीत तर त्याचा जन्मापासून हिस्सा आहे, आणि २००५ पासून मुलीचाही. उलट बाजूही सांगते. बाईने सोबत आणलेलं मूल सावत्र बापाच्या मिळकतीत आपोआप वारस होत नाही. त्यासाठी दत्तक घ्यावं लागतं, आणि सख्खा बाप हयात असेल तर सहसा त्याची संमती लागते, किंवा मग मृत्युपत्र करावं लागतं. “माझीच मुलगी समजेन” असं म्हणणाऱ्याला हे ठाऊक असतंच असं नाही. हे बोलणं तिसऱ्या-चौथ्या भेटीत यावं. फार लवकर काढलं तर सौद्यासारखं वाटतं, आणि साखरपुड्यानंतर काढलं तर भांडण होतं.

बायकांना एक भीती फार असते: दुसरं लग्न केलं तर मूल काढून घेतील. सासरचे ती धमकी देतातही. आईने पुनर्विवाह केला एवढ्याच कारणाने तिच्याकडून ताबा काढता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केलं आहे. मुलाचं हित कशात आहे ते पाहिलं जातं. मात्र ताब्याचा आदेश पुढे बदलता येतो, आणि नवा माणूस कसा आहे हेही मग कोर्ट पाहतं. म्हणून त्या माणसाला मुलाच्या आयुष्यात घाईने आणू नये.

घाई म्हणजे किती? कॅलेंडरमधला आकडा मी देणार नाही. दोघांचं लग्नाचं जवळजवळ पक्कं झालं, घरच्यांना कळलं, की मुलाशी भेट. त्याआधी नाही. पहिली भेट तासाभराची, मुलाच्या ओळखीच्या जागी. ‘हे तुझे नवे बाबा’ हे वाक्य कुणी म्हणायचं नाही, उत्साही आजीनेसुद्धा. ‘काका’ पुरे. पण या तालुक्यात एक अडचण आहे. मुलाला भेटवलं नाही तरी शाळेत कुणीतरी म्हणतंच, “तुही आई लगन करून राह्यली म्हंते.” म्हणून गावात कुजबुज सुरू झाली असं दिसलं की त्याच रात्री मुलाला साध्या शब्दांत सांगावं: मी एका काकांशी बोलते आहे, अजून काही ठरलं नाही, ठरेल तेव्हा तुला आधी सांगेन. आणि “बाबांना सांगू नको हं” हे कधीही म्हणू नये. सात वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर असलं गुपित दिलं की ती रविवारच्या फोनवर बोलायचीच बंद होते, आणि मग तिकडून प्रश्न येतात.

राहिली ‘का मोडलं’ ही गोष्ट. ती विचारली जातेच, बहुधा पहिल्या भेटीत चहा येण्याआधी. इथे दोन टोकं दिसतात. एक म्हणतो, “पटलं नाही,” आणि गप्प बसतो. दुसरा दीड तास बोलतो: सासू, दागिने, कुणाचे फोन, कुणाची औषधं. दोन्हींमुळे समोरचा घाबरतो. मी तीन वाक्यं घरून तयार करून जायला सांगते. पहिल्या वाक्यात काय घडलं, दुसऱ्यात त्यात माझं काय चुकलं, तिसऱ्यात आज काय स्थिती आहे. त्या बागवाल्याने नंतर तयार केलेली वाक्यं अशी होती: “तिला नागपूरला राहायचं होतं, मी लग्नाआधी हो म्हणालो आणि नंतर बाग सोडली नाही. मी तेव्हाच खरं बोलायला पाहिजे होतं. आता आमचं बोलणं नाही, तिचा एक अर्ज कोर्टात आहे.” दुसरं वाक्य म्हणायला त्याला पंधरा दिवस लागले, असं तो स्वतःच म्हणाला.

हे दुसरं वाक्य मारहाण सोसलेल्या बाईला लागू नाही. तिने त्यात चूक शोधत बसू नये. “घरात मारहाण होती, म्हणून मी बाहेर पडले” एवढं पुरेसं आहे, तपशील तिला वाटेल तेव्हा. समोरचा तपशिलासाठी खोदत राहिला, किंवा “दोन्ही हातांनीच टाळी वाजते” म्हणाला, तर तो पुढे कसा वागेल याचा अंदाज तिथेच आला.

जे आपलं नाही ते सांगू नये, हीही एक मर्यादा आहे. पहिल्या नवऱ्याचा दोष, पहिल्या बायकोचा आजार, मूल न होण्याचं कारण, हे त्यांचं खासगी आहे. शिवाय वरुड-काटोल-नरखेडच्या वर्तुळात ते आठ दिवसांत त्यांच्या घरी पोहोचतं. स्वतःचा आजार किंवा मूल न होण्याची शक्यता मात्र लग्न पक्कं करण्याआधी सांगायलाच हवी. हिंदू विवाह कायद्यात महत्त्वाची गोष्ट लपवून संमती घेतली असेल तर लग्न रद्द करून मागता येतं, फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत. पहिलं लग्न किंवा मूल लपवलेलं असलं की तक्रार याच कलमाखाली येते.

त्या दोघांचं पुढे काय झालं? फोन दहा दिवस बंद होता. मग तो एकटाच तिच्या भावाकडे आला, निकालाची नक्कल आणि पहिल्या बायकोच्या अर्जाची प्रत घेऊन. भावाने ती एका वकिलाला दाखवली. वकील म्हणाला, अर्जाचा निकाल लागेपर्यंत लग्न करू नका, बोलायला हरकत नाही. तिने अट घातली की प्रत्येक तारखेला काय झालं ते त्याच दिवशी कळवायचं. तो कळवतो. मुलीला तो अजून भेटलेला नाही.

तुमचीही पुढची भेट ठरत असेल, तर आधी घरातली कागदांची पिशवी उघडून पाहा. निकालाची प्रमाणित प्रत तिच्यात नसेल, तर ज्या कोर्टात निकाल लागला तिथल्या नक्कल विभागात अर्ज द्या, आणि ती हातात येईपर्यंत समोरच्याला सांगा की अर्ज दिलेला आहे.